स्टार्टअपची टर्म शीट मराठीत करायची आहे: लिक्विडेशन प्रेफरन्स आणि अँटी-डायल्यूशन काकांना कसं पोचवावं?

वृषाली_नौपाडा

मी ठाण्यात इंग्रजी-मराठी भाषांतराची कामं करते. बँकांचे फॉर्म, यंत्रांची माहितीपुस्तकं, अधूनमधून भाडेकरार. या वेळचं काम जरा वेगळं आहे.

वागळे इस्टेटमधली एक छोटी कंपनी शीतगृहांसाठी तापमान नोंदवणारी उपकरणं बनवते. मुंबईचा एक फंड तिच्यात २ कोटी घालतोय. फाउंडरच्या काकांनी सुरुवातीला स्वतःचे पैसे घातले होते, त्यामुळे त्यांच्याकडे शेअर आहेत आणि कागदावर त्यांचीही सही लागणार आहे. काकांची हयात वर्कशॉपमध्ये गेली. इंग्रजी ड्रॉइंग झरझर वाचतात, पण वकिली इंग्रजी म्हटलं की हात जोडतात. "मराठीत आणा, मग सही करतो," असं त्यांनी पुतण्याला सांगितलं आणि पुतण्या माझ्याकडे आला.

टर्म शीट, म्हणजे मुख्य कराराआधी ठरलेल्या अटींचा कागद, बाकी झाली. दोन कलमांवर अडलेय. पहिल्याचा माझा कच्चा मसुदा असा:

"परिसमापनाच्या प्रसंगी गुंतवणूकदारास त्याने गुंतवलेल्या रकमेइतकी रक्कम इतर भागधारकांच्या आधी देण्यात येईल. त्यानंतर उरलेली रक्कम सर्व भागधारकांमध्ये, रूपांतरित तत्त्वावर, प्रमाणशीर वाटण्यात येईल."

काकांना फोनवर वाचून दाखवलं. म्हणाले, "म्हणजे कंपनी बुडाली तर ना? बुडाल्यावर उरणार काय, घेऊ दे की त्याला." मला हे इतकं सोपं वाटत नाहीये. दुसरं कलम अँटी-डायल्यूशनचं, ते नंतर टाकते. (आकडे आणि तपशील थोडे बदललेत, पुतण्याला विचारूनच धागा काढलाय.)

मीनल_कोपरी

ताई, प्रमाणित भाषांतर हवं असेल तर नोटरीचा शिक्का लागतो. ठाणे कोर्टाबाहेर बसतात त्यांच्याकडे जा, सोबत प्रतिज्ञापत्र करून घ्या. माझ्या भावाचा जन्मदाखला परदेशी पाठवायचा होता, तेव्हा आम्ही तसंच केलं होतं. मूळ प्रत न्यायला विसरू नका.

वृषाली_नौपाडा

मीनलताई, धन्यवाद, पण हे कुठे सादर करायचं नाहीये. सही इंग्रजी प्रतीवरच होणार. मराठी प्रत काकांना समजावी एवढ्यासाठीच.

जोशी_पाचपाखाडी

मी निवृत्त सीए. यात घाबरण्यासारखं काही दिसत नाही. तुमचे काका बरोबर बोलतायत. कंपनी बंद झाली तर पैसे कोणत्या क्रमाने वाटायचे हे नादारी व दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ मध्ये लिहिलेलंच आहे. आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगार आणि तारण असलेले धनको, अशी उतरंड आहे. प्रेफरन्स शेअरवाले इक्विटीवाल्यांच्या आधी आणि इक्विटीवाले सगळ्यात शेवटी. म्हणजे फंडाला जे कायद्याने मिळणारच आहे तेच त्याने कागदावर लिहून घेतलंय.

शिवाय टर्म शीट बंधनकारक नसते. "परिसमापन" शब्द उत्तम आहे, कोशातला आहे, ठेवा.

निखिल_वाशी

जोशीसाहेब, कलम ५३ चं तुमचं बरोबर आहे, पण ते कंपनी खरोखर गुंडाळली गेली तरच लागू होतं. हे कलम मुख्यतः त्या दिवसासाठी लिहिलेलं नसतं.

मी कंपनी सेक्रेटरी आहे, असे कागद रोज हाताखालून जातात. वृषालीताई, टर्म शीटमध्ये "लिक्विडेशन इव्हेंट" ची व्याख्या शोधा. बहुतेक वेळा ती या कलमाखाली नसते, मागे व्याख्यांच्या यादीत किंवा परिशिष्टात असते. त्यात कंपनी बंद होणं ही एक ओळ असेल. बाकीच्या ओळी अशा असतील: कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली आणि सध्याच्या भागधारकांकडे बहुमत राहिलं नाही; कंपनीची सगळी किंवा बहुतेक मालमत्ता विकली; कंपनीचा ताबा दुसऱ्याकडे गेला. कधीकधी तंत्रज्ञानाचा एकमेव परवाना दुसऱ्याला देणंही त्यात घालतात.

म्हणजे उद्या एखाद्या मोठ्या कंपनीने ही कंपनी विकत घेतली, पेढे वाटले गेले, पेपरात फोटो आला, तरी या कागदाच्या हिशेबाने तो "लिक्विडेशन इव्हेंट" च. तुमचा मसुदा वाचून काकांच्या डोळ्यांसमोर कुलूप लागलेली कंपनी येते. त्यांच्या पैशाचा प्रश्न मात्र कंपनी विकली जाते त्या दिवशी उभा राहणार आहे.

मी मराठीत असं लिहीन: "कंपनी बंद होणे, विकली जाणे, विलीन होणे किंवा तिचा ताबा दुसऱ्याकडे जाणे (यापुढे 'विक्री किंवा समाप्ती')". आणि पुढे सगळीकडे "विक्री किंवा समाप्ती" च. "परिसमापन" शब्द पूर्ण काढून टाका.

आता एक विचारतो. तुमच्या मसुद्यात "उरलेली रक्कम सर्व भागधारकांमध्ये" असं आहे. या "सर्व" मध्ये फंड धरलाय का? मूळ वाक्य बघून सांगा.

वृषाली_नौपाडा

व्याख्या सापडली, परिशिष्टातच होती. विलीनीकरण, मालमत्ता विक्री, ताबा बदलणे, तिन्ही आहेत.

"सर्व" चं मलाही खटकत होतं. मूळ वाक्यात आहे की उरलेले पैसे सगळ्या भागधारकांना वाटायचे, सीसीपीएस, म्हणजे पुढे साध्या शेअरमध्ये बदलावेच लागणारे प्रेफरन्स शेअर, असणाऱ्यांसह, जणू त्यांचे शेअर साध्या शेअरमध्ये बदलले आहेत असं धरून. पण पुतण्या मला ठामपणे म्हणाला होता की "वन-एक्स नॉन-पार्टिसिपेटिंग आहे, एकदम स्टँडर्ड".

निखिल_वाशी

मग पुतण्याने हे कलम नीट वाचलेलं नाही, किंवा बोलणं एक झालं आणि कागद दुसरा आला. हे पार्टिसिपेटिंग आहे. दोन्हींत फरक किती पडतो ते काकांच्या शेअरवर करून दाखवतो, म्हणजे भाषांतरात नेमकं काय निसटता कामा नये तेही कळेल. राऊंडच्या आधी एकूण शेअर किती, भाव किती?

वृषाली_नौपाडा

ईसॉप, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठी ठेवलेले शेअर, धरून आधीचे ८ लाख शेअर. भाव १०० रुपये. फंडाला २ लाख सीसीपीएस. काकांचे ८० हजार.

निखिल_वाशी

छान, सोपे आकडे आहेत. राऊंडनंतर १० लाख शेअर होतात. फंड २० टक्के, काका ८ टक्के. ईसॉप सगळे वाटून झालेत आणि कंपनीवर कर्ज नाही असं धरू.

समजा तीन वर्षांनी कंपनी ६ कोटींना विकली गेली. काका टक्क्याने हिशेब करतील: ६ कोटींचे ८ टक्के, ४८ लाख. तेवढे मिळणार नाहीत.

नॉन-पार्टिसिपेटिंग असतं तर फंडाला दोनपैकी एकच रस्ता निवडावा लागला असता. एकतर आपले २ कोटी परत घ्यायचे, नाहीतर शेअर बदलून २० टक्के घ्यायचे. ६ कोटींचे २० टक्के १ कोटी २० लाख होतात, म्हणून तो २ कोटी घेईल. उरले ४ कोटी, ते ८ लाख शेअरमध्ये, म्हणजे शेअरला ५० रुपये. काकांना ४० लाख.

आता तुमच्या कागदाप्रमाणे. फंड आधी २ कोटी घेईल. उरलेल्या ४ कोटींच्या वाटपात पुन्हा बसेल आणि २० टक्के, म्हणजे ८० लाख घेईल. बाकीच्यांना ३ कोटी २० लाख, शेअरला ४० रुपये. काकांना ३२ लाख.

इथे फरक आठ लाखांचा आहे. कंपनी चांगल्या भावाला गेली तर तो वाढतो. १५ कोटींना विकली तर नॉन-पार्टिसिपेटिंगमध्ये फंड शेअर बदलून ३ कोटी घेतो, बाकीच्यांना शेअरला १५० पडतात, काकांना १ कोटी २० लाख. पार्टिसिपेटिंगमध्ये फंड २ कोटी अधिक १३ कोटींचे २० टक्के, मिळून ४ कोटी ६० लाख घेतो. काकांना १ कोटी ४ लाख.

म्हणून दुसरं वाक्य असं लिहा: "त्यानंतर उरलेली रक्कम गुंतवणूकदारासह सर्व भागधारकांमध्ये वाटली जाईल. या वाटपात गुंतवणूकदाराचे सीसीपीएस साध्या शेअरमध्ये बदललेले आहेत असे धरले जाईल." "रूपांतरित तत्त्वावर" हे व्याकरणात बसतं, पण ऐकून कुणालाच काही कळत नाही. आणि "गुंतवणूकदारासह" हा शब्द गळला तर काका समजणार की फंड आपले दोन कोटी घेऊन ताटावरून उठला.

घोडबंदर_गणेश

म्हणजे फंडवाले पंगतीत दोनदा बसणार. हे काकांना एका वाक्यात कळेल, मसुद्यात घाला 😀

जोशी_पाचपाखाडी

निखिल, विक्रीचा मुद्दा मान्य. माझ्या डोळ्यांसमोर लिक्विडेटरच होता. पण एक सांगा. शेअर विक्रीत खरेदीदार प्रत्येक भागधारकाला थेट पैसे देतो. पैसे कंपनीच्या खात्यात येतच नाहीत, मग कंपनी वाटणार काय? काकांनी आपले ८० हजार शेअर विकले, त्याचे पैसे त्यांचे. फंडाचा हक्क लागतो कुठे?

निखिल_वाशी

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि काकांची सही का हवी याचं उत्तर त्यातच आहे.

मालमत्ता विकली तर पैसे कंपनीकडे येतात आणि कंपनी वाटते. शेअर विकले तर, तुम्ही म्हणता तसं, कायद्याने प्रत्येकाच्या शेअरचे पैसे त्याचे त्याला. फंडाला आधी आणि जास्त मिळायचं असेल तर बाकीच्या भागधारकांनी करारात कबूल करावं लागतं की विक्रीची एकूण रक्कम या कलमाप्रमाणे वाटली जाईल आणि कुणाला जास्त आले तर तो ते पुढे देईल. ते कबूल करणाऱ्यांत काका आहेत. त्यांना "फॉर्मॅलिटी आहे, सही करा" असं सांगितलं गेलं असेल तर ते खरं नाही.

याचा अर्थ काका एकटे राऊंड अडवू शकतात असाही नाही. कंपनीची नियमावली बदलायला विशेष ठराव लागतो. तीन चतुर्थांश मतं मिळाली की तो होतो, आणि काकांकडे आज १० टक्केच आहेत. पण शेअरधारकांच्या करारावर सही करायची की नाही हे त्यांच्या हातात आहे. आणि फंडाचा वकील त्यांना करारात आणल्याशिवाय पैसे सोडेल असं मला वाटत नाही.

टर्म शीट बंधनकारक नसते हेही अर्धंच खरं. गोपनीयता आणि ठरावीक काळ दुसऱ्या गुंतवणूकदाराशी न बोलण्याची अट बहुधा बंधनकारक असते. बाकीची नसली तरी तीच वाक्यं पुढे करारात उतरतात. तिथे पोचल्यावर "आम्ही पार्टिसिपेटिंग म्हणालोच नव्हतो" म्हणायला गेलात तर समोरचा सही केलेली टर्म शीट काढून दाखवतो.

ऐरोली_अमेय

जरा विषय सोडून, पण सांगतो. मी महापे एमआयडीसीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होतो. कंपनी विकली गेली, ऑफिसात केक कापला. माझे ईसॉप होते, कागदावर चांगली रक्कम दिसत होती. हातात काही आलं नाही. तीन राऊंडच्या फंडांचे प्रेफरन्स मिळून जी रक्कम होत होती, त्याच्यापेक्षा कंपनी कमी किमतीला गेली होती. एचआरला विचारलं, तर म्हणे तुमच्या ग्रँट लेटरमध्ये सगळं आहे. होतंच, एका ओळीत, "शेअरधारकांच्या कराराच्या अधीन". तो करार आम्हाला कुणी दाखवलाच नाही.

या वागळेच्या कंपनीत ईसॉपवाल्या पोरांना कोण मराठीत समजावणार?

वृषाली_नौपाडा

अमेय, वाईट वाटलं वाचून. ईसॉपचं काम माझ्याकडे नाही, पण पुतण्याच्या कानावर घालते.

आता दुसरं कलम. माझा मसुदा: "कंपनीने भविष्यात गुंतवणूकदाराच्या दरापेक्षा कमी दराने भाग जारी केल्यास विरलीकरणाविरुद्ध संपूर्ण संरक्षण देण्यात येईल व रूपांतरण दर नव्या दराइतका करण्यात येईल." काकांनी विचारलं, "म्हणजे माझा टक्का कमी होणार नाही ना?"

निखिल_वाशी

त्यांचाच कमी होणार. संरक्षण कुणाला ते तुमच्या वाक्यात नाही. "देण्यात येईल", पण कुणाला? कर्मणी प्रयोगात माणूसच गायब होतो. "फक्त गुंतवणूकदाराला" असं लिहा. आणि हे फुल रॅचेट आहे. पुतण्याला हेही "स्टँडर्ड" वाटलं होतं का?

घोडबंदर_गणेश

मी एक्सेलमध्ये मांडून बघितलं, चुकलं तर सांगा. समजा पुढच्या वर्षी धंदा मंदावला आणि नव्या माणसाने ५० रुपये भावाने १ कोटी घातले. त्याला २ लाख शेअर.

फुल रॅचेटमध्ये फंडाचा भावही १०० चा ५० होतो. त्याच्या २ कोटींचे आता २ लाखांऐवजी ४ लाख शेअर होणार. एकूण १४ लाख. काकांचे ८० हजार म्हणजे ५.७१ टक्के.

दुसरा प्रकार, ब्रॉड-बेस्ड वेटेड ॲव्हरेज. त्याचं सूत्र असं सापडलं:

```
CP2 = CP1 × (A + B) / (A + C)
```

CP1 म्हणजे फंडाचा जुना भाव, CP2 म्हणजे नवा. A म्हणजे नव्या राऊंडआधीचे सगळे शेअर, १० लाख. B म्हणजे तेच १ कोटी जुन्या भावाने आले असते तर दिले गेले असते तेवढे शेअर, १ लाख. C म्हणजे प्रत्यक्षात दिलेले, २ लाख. म्हणजे १०० गुणिले ११ भागिले १२, भाव ९१.६७. फंडाचे शेअर साधारण २ लाख १८ हजार. काका ६.५७ टक्के.

काहीच संरक्षण नसतं तरी काका ८ वरून ६.६७ ला आलेच असते. म्हणजे वेटेड ॲव्हरेजमध्ये त्यांचं नुकसान किरकोळ, रॅचेटमध्ये जवळजवळ एक टक्का.

निखिल_वाशी

गणेश, हिशेब बरोबर. आता तोच हिशेब १ कोटीऐवजी ५ लाखांवर करा.

घोडबंदर_गणेश

५० च्या भावाने ५ लाख म्हणजे १० हजार शेअर. वेटेड ॲव्हरेजने भाव ९९.५० होतो, फंडाला जेमतेम हजारभर शेअर जादा. आणि रॅचेटमध्ये... अरे बापरे, तरीही ४ लाखच! पाच लाख रुपयांसाठी फंडाचे शेअर दुप्पट?

निखिल_वाशी

हो. रॅचेट फक्त भाव बघतं, किती पैसे आले ते बघत नाही. कंपनी अडचणीत असताना मित्राकडून पाच लाख घेऊन कमी भावाने शेअर दिले, तरी पूर्ण फटका बसतो. आणि नवा मोठा गुंतवणूकदार आला तर तो म्हणतो, माझा टक्का त्या वाढलेल्या शेअरांसकट मोजा. त्यासाठी भाव आणखी खाली आणावा लागतो, की रॅचेट पुन्हा चालतं. तुम्ही ५० धरलेत, प्रत्यक्षात वाटाघाटी कुठे थांबतील सांगता येत नाही.

भाषांतराच्या दृष्टीने इथे दोन गोष्टी बघा. एक, फंडाच्या हातातले सीसीपीएस २ लाखच राहतात. बदलतो तो एका सीसीपीएसचे किती साधे शेअर होणार हा हिशेब. काकांना वाटू नये की कुणी त्यांचे शेअर काढून घेतले. त्यांचे ८० हजार जागेवरच आहेत, एकूण मोठं झालं म्हणून वाटा लहान झाला. दोन, अपवादांची यादी. ईसॉपमधून दिलेले शेअर सहसा या कलमातून वगळतात. ती यादी तुमच्या कागदात आहे का? नसेल तर एखाद्या कामगाराला कमी भावाने ईसॉप दिले तरी रॅचेट सुरू होईल.

जोशी_पाचपाखाडी

आणि भाव घसरला की फंडाचा तो दोन कोटींचा पहिला हक्कही चार कोटींचा होणार ना? शेअर दुप्पट झाले म्हणजे.

निखिल_वाशी

नाही. पहिला हक्क घातलेल्या रकमेवर आहे, तो २ कोटीच राहतो. वाढतो तो दुसऱ्या पंगतीतला वाटा, कारण ते वाटप बदललेल्या शेअरांवर आहे. गणेशच्या उदाहरणात १४ लाखांपैकी ४ लाख, म्हणजे २० ऐवजी सुमारे २८.५७ टक्के. दोन्ही कलमं वेगवेगळ्या पानांवर आहेत, पण पार्टिसिपेटिंगमुळे ती इथे एकमेकांत अडकतात.

फंड परदेशी असता तर आणखी एक भिंत आली असती. २०१९ च्या परकीय चलन नियमांप्रमाणे, शेअर देताना जी रास्त किंमत काढली होती तिच्याखाली रूपांतराचा भाव नेता येत नाही. फंड मुंबईचा आहे म्हणता, पण त्याची मालकी आणि ताबा कुणाकडे आहे ते वकिलाला तपासू द्या.

उल्का_अनुवाद

वृषाली, मी तुझ्याच धंद्यातली, म्हणून एक वेगळं बोलते. निखिल आणि गणेशचे आकडे उत्तम आहेत, पण ते भाषांतरात घालू नकोस. मूळ कागदात उदाहरण नाही. तू ६ कोटींचं उदाहरण घातलंस आणि उद्या कंपनी कर्जासकट विकली गेली, तर काका म्हणतील ताईंनी ३२ लाख लिहिले होते. भाषांतरात जे आहे तेवढंच. वर एक ओळ टाक की इंग्रजी आणि मराठीत फरक पडला तर इंग्रजी प्रत ग्राह्य.

निखिल_वाशी

ती ओळ हवीच. पण उदाहरणाशिवाय हे कलम कळत नाही. इंग्रजी जाणणाऱ्या फाउंडरला कळलं नाही, तिथे काकांचं काय? मी तर म्हणेन उदाहरण शेजारच्या रकान्यातच घाला.

उल्का_अनुवाद

मग ते वकिलाने लिहावं, वकिलाच्या सहीने. भाषांतरकाराच्या नावावर नाही.

वृषाली_नौपाडा

मला दोघांचंही पटतंय, हीच अडचण आहे. तूर्तास आकड्यांचा कागद वेगळा ठेवलाय, त्यावर माझं नाव नाही, आणि पुतण्याच्या वकिलाला तो तपासून सही करायला सांगितलंय. अजून उत्तर नाही. पुतण्या मात्र म्हणाला, "ताई, एवढं खोलात नका जाऊ, काका घाबरतील, मराठी जरा सोपं ठेवा."

जोशी_पाचपाखाडी

सोपं ठेवा म्हणजे "गुंतवणूकदारासह" काढा असा अर्थ असेल तर अजिबात ऐकू नका. काम सोडावं लागलं तरी चालेल.

ऐरोली_अमेय

+१

घोडबंदर_गणेश

पुतण्याची बाजूही बघा जरा. त्याच्याकडे पगाराला पैसे नसतील, फंड सोडला तर दुसरा कुठून येणार? सगळ्याच कंपन्यांना पसंतीच्या अटी मिळत नाहीत.

निखिल_वाशी

हे खरंय. दोन कोटींची गरज असलेल्याने कलम मान्य करणं हा त्याचा निर्णय, कधीकधी योग्यही असतो. काकांनी तो समजून करावा एवढंच. आणि मागितलं तर बरंच सुटतं. फुल रॅचेटच्या जागी ब्रॉड-बेस्ड मागा, बहुतेक फंड फार ताणत नाहीत. आणि A च्या व्याख्येत ईसॉपसकट सगळे शेअर आहेत का बघा. फक्त प्रेफरन्स शेअर धरले तर नाव वेटेड ॲव्हरेजच राहतं, पण तुमच्या कंपनीत A दहा लाखांवरून दोन लाखांवर येतो. गणेश, १ कोटीवर करून बघा.

घोडबंदर_गणेश

३ भागिले ४. भाव ७५! फंडाचे २ लाख ६७ हजार शेअर. ९१.६७ कुठे आणि हे कुठे. म्हणजे "वेटेड ॲव्हरेज मिळालं" म्हणून नाचायचं नाही, A कुठला ते आधी बघायचं.

वृषाली_नौपाडा

ताजी खबर. पुतण्याने हा धागा वाचला (नमस्कार!) आणि वकिलाकरवी फंडाशी बोलला. रॅचेट गेलं, ब्रॉड-बेस्ड आलं, A मध्ये ईसॉपसकट सगळे शेअर आहेत, ईसॉपचा अपवादही आला. पार्टिसिपेटिंग मात्र फंड सोडत नाहीये. त्याऐवजी कमाल मर्यादा घातलीय. नव्या मसुद्यात एवढंच आहे: पार्टिसिपेशन गुंतवणुकीच्या दुपटीपर्यंत. मी "गुंतवणूकदाराला गुंतवणुकीच्या दुपटीपेक्षा अधिक रक्कम मिळणार नाही" असं केलंय. चालेल?

निखिल_वाशी

थांबा, असं लिहू नका. त्यात दोन अडचणी आहेत.

पहिली, दुपटीत आधीचे २ कोटी धरलेत की नाही हे मूळ वाक्यातून कळत नाही. धरले तर फंडाची मर्यादा ४ कोटी. नाही धरले तर दुसऱ्या पंगतीतच ४ कोटी, एकूण ६. कंपनी १५ कोटींना गेली तर पहिल्या अर्थाने फंडाला ४ कोटी, बाकीच्यांना ११ कोटी, काकांना १ कोटी १० लाख. दुसऱ्या अर्थाने मर्यादा लागतच नाही, काका पुन्हा १ कोटी ४ लाखांवर.

दुसरी, "अधिक मिळणार नाही" हे खरं नाही. मर्यादा पार्टिसिपेशनवर आहे. ती ४ कोटी धरली तर कंपनी २० कोटींच्या वर गेल्यावर फंड सगळे शेअर बदलून सरळ २० टक्के घेईल आणि ते ४ कोटींपेक्षा जास्त असतील. तो पर्याय त्याच्याकडे राहतो, तुमच्या वाक्यात नाही.

मूळ जितकं संदिग्ध आहे तितकंच मराठीत ठेवा, समासात प्रश्नचिन्ह घाला आणि वकिलाकडून इंग्रजी दुरुस्त करून आणा. आपण अंदाजाने एक अर्थ निवडायचा नाही.

वृषाली_नौपाडा

पाठवलं. फंडाच्या वकिलाकडून येईपर्यंत त्या ओळीपुढे मराठीत "यात मूळ २ कोटी धरले आहेत का? खुलासा बाकी" असं लिहून ठेवलंय. काकांना तसंच दाखवलं. त्यांनी पेन्सिलीने त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि विचारलं, "कर्ज असेल तर ते या सगळ्याच्या आधी ना?" निखिल, कंपनीवर बँकेचं खेळत्या भांडवलाचं कर्ज आहे, ते मी आतापर्यंत धरलंच नव्हतं.

निखिल_वाशी

आधीच. किती आहे ते सांगा, सगळे आकडे पुन्हा मांडू.